जुना फोटो चटकन कसा शोधावा: चेहऱ्यांचे गट आणि फोटोतला मजकूर

मागच्या आठवड्यात वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्यांच्या मुलीचा फोन आला. "दादा, आमच्या बाबांचा आणि काकांचा बुद्धिबळ खेळतानाचा तो फोटो तुमच्याकडे आहे का हो? मागे मोठा कापडी फलक होता बघा." फोटो आहे एवढं मला पक्कं आठवत होतं. तो कधीचा, कुणी पाठवला, कुठल्या फोल्डरमध्ये गेला, यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. माझ्या गॅलरीत ३१ हजारांवर फोटो आहेत. पहिल्या दिवशी मी अंगठ्याने स्क्रीन वर सरकवत बसलो. पाऊण तास गेला, वाटेत भलतेच फोटो बघण्यात रमलो आणि मूळ फोटो काही मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी डोकं लावून शोधला तेव्हा दहा मिनिटंही लागली नाहीत.

मधल्या काळात माझ्या लक्षात आलं ते एवढंच: गॅलरीत जी खूण सर्वांत कमी वेळा येते, तिथून सुरुवात करायची. आपण नेमकं उलटं करतो. सर्वांत ओळखीचा चेहरा आधी शोधतो, आणि तोच चेहरा हजारो फोटोंत असतो. हा लेख त्या एका गोष्टीभोवती आहे. पायऱ्या मी गूगल फोटोज धरून सांगतो, कारण बहुतेकांच्या फोनवर ते असतं. आयफोन वेगळा वागतो तिथे तसं सांगेन. पडद्यावरची नावं अपडेटबरोबर थोडी इकडेतिकडे होतात, तेव्हा नाव हुबेहूब दिसलं नाही तर जवळपास शोधा.

हाताशी काय असावं

- फोन, चार्जर आणि वायफाय
- फोटो ज्या खात्यात जातात त्याचा पासवर्ड (फोन बदलला असेल तर जुन्या खात्याचासुद्धा)
- कागदाचा एक तुकडा आणि पेन
- पहिल्या वेळी साधारण अर्धा तास, पुढच्या वेळी काही मिनिटं

कागद गमतीने लिहिलेला नाही. शोधायला बसण्याआधी त्या फोटोबद्दल जे आठवतं ते लिहून काढा: फोटोत कोण होतं, मागे काय लिहिलं होतं, फोटो तुम्ही काढला की कुणी पाठवला. यापुढे बाबा म्हणजे माझे वडील आणि काका म्हणजे त्यांचे ते सहकारी. माझ्या कागदावर चार ओळी होत्या: बाबा. ते काका. फलक, बहुधा दोन भाषांत. पाठवलेला. शेवटचा शब्द त्या वेळी सहज लिहून गेलो, पण पुढे तोच कामी आला.

## १. तुमचे फोटो शोधात आहेत का, ते आधी बघा

गूगल फोटोज चेहऱ्यांचे गट फक्त बॅकअप झालेल्या फोटोंचे करतं. फोटो नुसता फोनमध्ये पडून असेल तर तो तुम्हाला डोळ्यांनी दिसेल, पण गटात येणार नाही. म्हणून आधी वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टॅप करा. बॅकअप पूर्ण झाला आहे, चालू आहे की जागा संपून अडकला आहे, हे तिथेच लिहिलेलं असतं. गूगलच्या खात्यात फुकट मिळते ती १५ जीबी जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून आहे, आणि १ जून २०२१ पासून चढवलेला प्रत्येक फोटो त्यात मोजला जातो. जागा भरली की बॅकअप मुकाट्याने थांबतो. मग गेल्या वर्षीचे फोटो शोधात का येत नाहीत, हे कोडं होऊन बसतं.

दुसरी अडचण जास्त छुपी आहे. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंचा बॅकअप आपोआप होतो, पण व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचं फोल्डर वेगळं असतं आणि ते तुम्ही स्वतः निवडावं लागतं. सेटिंगमधल्या `Backup` मध्ये जा, तिथे `Back up device folders` उघडा आणि `WhatsApp Images` चालू करा. यात सकाळच्या शुभेच्छांचे ढीगही खात्यात जातील, त्याला इलाज नाही. पण तुमच्या कागदावर "पाठवलेला" असं लिहिलं असेल तर ही पायरी चुकवू नका.

तिसरं म्हणजे कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवलेले फोटो शोधात येत नाहीत. अर्काइव्हमध्ये टाकलेले मात्र येतात. अर्काइव्ह म्हणजे फोटो मुख्य रांगेतून बाजूला ठेवणं, लपवणं नव्हे. बऱ्याच जणांचा इथे घोटाळा होतो.

आयफोनचं गणित निराळं आहे. तिथे चेहरे ओळखायचं काम फोनच्या आतच होतं, आणि तेही फोन चार्जिंगला लावलेला आणि लॉक असताना. नवा आयफोन घेऊन जुने फोटो त्यात आणले आणि लगेच शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. रात्री चार्जिंगला लावून ठेवा. फोटो खूप असतील तर एका रात्रीत काम उरकेलच असंही नाही.

## २. चेहऱ्यांचे गट चालू करा, आणि एकदा केले की बंद करू नका

सेटिंगमध्ये `Group similar faces` किंवा `Face Groups` असं बटण असतं, कुठे `Preferences` खाली, कुठे `Privacy` खाली. ते दिसतच नसेल तर दोन कारणं संभवतात: काही देशांत ही सोय दिलेली नाही, आणि शाळेच्या किंवा कचेरीच्या खात्यातही ती बंद असू शकते. अशा वेळी थेट सहाव्या पायरीवर जा, मजकुराचा शोध चेहऱ्यांच्या गटांवर अवलंबून नाही.

बटण चालू केल्यावर गट लगेच तयार होत नाहीत. पार्श्वभूमीला काम चालतं ते असं: ॲप प्रत्येक फोटोत चेहरा कुठे आहे ते हुडकतं, त्या चेहऱ्याचं आकड्यांच्या एका लांबलचक रांगेत रूपांतर करतं, आणि ज्या रांगा एकमेकींच्या फार जवळ आहेत त्यांचा एक गट करतं. त्याला नाव, नातं, वय यातलं काहीच कळत नाही. हे ध्यानात ठेवलंत तर पुढच्या सगळ्या चुका कशा होतात ते आपोआप समजेल.

आता इशारा. गट विस्कटले की काही जणांना वाटतं, एकदा बंद करून पुन्हा चालू केलं की सगळं ताजं होईल. तसं करू नका. गूगल फोटोजमध्ये हे बटण बंद केलंत की गट जातात, आणि तुम्ही बसून दिलेली सगळी नावंही पुसली जातात. पुन्हा चालू केल्यावर गट नव्याने बनतील, नावं मात्र पहिल्यापासून द्यावी लागतील.

## ३. नावं द्या, पण विचार करून

गट `Collections` मधल्या `People & pets` खाली दिसतात. गोल चेहऱ्यावर टॅप केलं की वर नाव लिहायची जागा येते. इथे तीन गोष्टी सांभाळा.

नाव असं द्या जे तुम्ही शोधताना खरंच टाइप कराल. "काका" हे नाव देऊन काही साधत नाही, घरात आणि घराबाहेर मिळून पाच-सहा काका तरी निघतात. मी त्या सहकाऱ्यांना "काका बुद्धिबळ" असं नाव दिलं. हसू येईल, पण पुन्हा कधी चुकणार नाही.

लिपी एकच ठेवा. गटाला "आई" असं देवनागरीत नाव दिलं आणि शोधताना `aai` टाइप केलं तर तो सापडेल या भरवशावर राहू नका. घरातल्या सगळ्यांची नावं एकाच लिपीत द्या. कीबोर्ड बदलायचा कंटाळा असेल तर सरळ सगळी रोमन लिपीत द्या. ही नावं तुमच्याच खात्यापुरती असतात. फोटो कुणाला पाठवला म्हणून नाव त्याच्याबरोबर जात नाही.

तिसरी गोष्ट एकत्र करण्याची. एकाच माणसाचे दोन-तीन गट पडलेले दिसतील, मुलांचे तर हमखास. तान्हं बाळ, पाच वर्षांचं पोर आणि मिसरूड फुटलेला मुलगा यांच्या चेहऱ्याचे आकडे एकमेकांपासून इतके लांब असतात की ॲपला ती तीन माणसं वाटतात. दुसऱ्या गटालाही तेच नाव दिलं की ही व्यक्ती एकच का, असं ॲप विचारतं, आणि हो म्हटलं की दोन्ही गट जोडले जातात. आयफोनवर दोन्ही गट निवडून `Merge` करायचं.

माझी मोठी चूक इथेच झाली. आई आणि मावशी यांच्या चेहऱ्यांत फारसा फरक नाही, त्यातून दोघींचे तरुणपणीचे स्कॅन केलेले फोटो होते. ॲपने दोन गोल शेजारी दाखवून विचारलं, एकच व्यक्ती का? मी बसमध्ये होतो, न बघता हो म्हटलं. दोघींचे मिळून सहाशेच्या वर फोटो एका गटात जाऊन बसले. जोडलेले गट एका टॅपमध्ये पुन्हा वेगळे करायची सोय नसते. गट उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूतलं `Remove results` घ्यायचं आणि मावशीचा एकेक फोटो टिकमार्क करत बाहेर काढायचा. दोन संध्याकाळी गेल्या. मावशीला सांगितलं तर ती खूश झाली, ताईइतकी सुंदर दिसते म्हणून. तात्पर्य बाजूला ठेवा, पण असा प्रश्न आला आणि खात्री नसेल तर सरळ "नक्की नाही" म्हणा. वेगळे राहिलेले गट केव्हाही जोडता येतात.

## ४. कमी दिसणारा चेहरा आधी

आता प्रत्यक्ष शोध. मी "बाबा" असं टाइप केलं तेव्हा २,१४० फोटो आले. त्यातून एक फोटो काढणं म्हणजे पुन्हा अंगठाच. कागदावरचं दुसरं नाव होतं काकांचं, पण त्यांचा गट यादीत दिसेना. कारण साधं आहे: ज्या चेहऱ्याचे फोटो मोजकेच आहेत तो यादीत फार खाली जातो किंवा दिसतच नाही.

इथे एक युक्ती आहे. त्या माणसाचा कुठलाही एक फोटो, जो कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे, तो उघडा. मला काकांच्या मुलीच्या लग्नातला एक फोटो माहीत होता. फोटो उघडून वर सरकवला की खाली तपशील येतो, आणि त्यात त्या फोटोतल्या माणसांचे छोटे गोल चेहरे असतात. काकांच्या गोलावर टॅप केलं की त्यांचा गट उघडतो. नाव नसलेला असला तरी उघडतो. आयफोनवर तपशिलाचं `i` बटण दाबलं की फोटोच्या कोपऱ्यात असेच गोल दिसतात.

काकांच्या गटात नऊ फोटो होते. २,१४० कुठे आणि ९ कुठे! त्या नवांत मला हवा होता तो फोटो नव्हता. पण एक होता ज्यात काका एकटेच पटासमोर बसलेले, आणि मागे तोच कापडी फलक, अगदी स्पष्ट.

दोघांची नावं एकत्र टाइप करूनही शोधता येतं. तेव्हा दोघेही ज्यात ओळखले गेले आहेत तेवढेच फोटो येतात. मी ते आधी करून पाहिलं होतं, हाती शून्य लागलं. का ते पुढे.

## ५. चेहरा कुठे हुकतो

नंतर तो फोटो सापडला तेव्हा मी तो मोठा करून पाहिला. बाबांच्या डोक्यावर टोपी, मान खाली, नजर पटावर. टोपीची कड डोळ्यांवर आलेली. आपल्याला खांद्यांवरून आणि बसण्याच्या ढबीवरून बाबा लगेच ओळखू येतात, पण जिथून आकडे काढायचे तो डोळे-नाक-ओठांचा भागच फोटोत धड नव्हता. काका तर पूर्ण बाजूने दिसत होते.

चेहऱ्याचा शोध अशाच ठिकाणी हुकतो: गॉगल, मास्क, बाजूने दिसणारा चेहरा, तोंडावर पडलेला उजेडाचा झोत, आणि मोठ्या समूहाच्या फोटोतले मागच्या रांगेतले चिमुकले चेहरे. फोटो मोठा करून पाहिल्यावर डोळे कुठे आणि ओठ कुठे हे तुम्हालाच सांगता येत नसेल तर ॲपलाही सांगता येणार नाही. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेले फोटो दाबून लहान केलेले असतात, त्यामुळे मागच्या रांगेचं आणखी नुकसान होतं.

गूगल फोटोजमध्ये ओळखायचा राहिलेला चेहरा हाताने जोडता येतो. तपशिलात चेहऱ्यांच्या शेजारी पेन्सिलची खूण असते, तिथून. पण ॲपला तिथे चेहरा आहे एवढं तरी दिसलेलं असावं लागतं. नसेल तर जोडायला काही मिळतच नाही.

म्हणून चेहऱ्याने फोटो सापडला नाही तर तो गॅलरीत नाही असं ठरवून मोकळे होऊ नका. चेहऱ्याने हाती लागतो तो बहुतेकदा त्याच प्रसंगातला दुसरा फोटो. तोच पुढची खूण देतो.

## ६. फोटोतला मजकूर शोधा

काका एकटे असलेल्या त्या फोटोत फलक पूर्ण वाचता येत होता. वर देवनागरीत "बुद्धिबळ स्पर्धा", खाली इंग्रजीत `CHESS TOURNAMENT 2013`. आता हे शब्द शोधायचे.

गूगल फोटोज फोटोतला मजकूर वाचून शोधात घेतं, ही सोय २०१९ पासून आहे. आयफोनवर २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर ती आली, पण त्यासाठी फोन एक्सएस किंवा त्यानंतरचा लागतो. वेगळं काही चालू करावं लागत नाही. शोधाच्या चौकटीत शब्द टाइप करायचा, बस.

मी आधी `CHESS` टाइप केलं. भाच्याने माझ्या फोनवर खेळून काढलेल्या बुद्धिबळाच्या डावांचे शंभरभर स्क्रीनशॉट समोर आले. मजकुराच्या शोधात स्क्रीनशॉट नेहमीच पुढे घुसतात, कारण त्यातली अक्षरं छापल्यासारखी स्वच्छ असतात. मग `2013` टाकलं, तर त्या वर्षाचे सगळे फोटो आले. ॲपला तो फलकावरचा आकडा न वाटता तारीख वाटली. नुसतं वर्ष टाकलं की असंच होणार.

मग `TOURNAMENT`. १४ फोटो आले. त्यातला सहावा माझा.

फोटो उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. त्यात `CHESS` हा शब्दच नव्हता, बाबांच्या टोपीमागे गेला होता. देवनागरी ओळ तर फोटोच्या वरच्या कडेला अर्धी कापली गेलेली. वाचण्याजोगा शब्द एकच होता. त्यावरून माझा नियम असा: फलकावरची अख्खी ओळ टाइप करायची नाही. एकेक शब्द वेगळा टाकून पाहायचा, लांब आणि सहसा न येणारा आधी. डोकी, खांदे, कापडाची सुरकुती यांनी ओळीतला कुठला शब्द खाल्ला असेल हे आपल्याला आधी माहीत नसतं. व्यक्तीचं नाव आणि फलकावरचा शब्द एकत्र टाकला तर कधी चालतं, कधी नाही. नाहीच चाललं तर नुसता शब्द टाका. दहा-वीस फोटो डोळ्यांखालून घालायला वेळ लागत नाही.

ॲपला मजकूर वाचता येतोय का, हे तपासायची सोपी रीत आहे. तसाच मजकूर असलेला एखादा फोटो उघडा आणि खालचं `Lens` दाबा. आयफोनवर मजकुरावर बोट दाबून धरा. अक्षरं निवडता आली तर वाचता येतंय. लेन्सला वाचता आलं म्हणजे शोधात येईलच असं नाही, पण लेन्सलाच वाचता येत नसेल तर तो शब्द शोधण्यात वेळ घालवू नका.

## ७. देवनागरी मजकुराच्या खोड्या

आपल्याकडचे निम्मे फलक, पाट्या आणि कागद देवनागरीत असतात, त्यामुळे यावर थोडं थांबतो. तुमच्या ॲपला देवनागरी जमतं का ते आधी पाहा. मोठ्या छापील देवनागरी अक्षरांचा, तुम्हाला ठाऊक असलेला एखादा फोटो घ्या, त्यातला एक शब्द शोधा. आला तर उत्तम. नाही आला तर फोटोतल्या इंग्रजी अक्षरांवर आणि आकड्यांवर भिस्त ठेवा.

जमत असलं तरी वाचनात चुका होतातच, आणि त्या ठरावीक जागी होतात. ब चा व, घ चा ध, भ चा म, थ चा य. अनुस्वाराचा ठिपका पुसट फोटोत उडून जातो. रफार आणि जोडाक्षरं गडबडतात. "स्पर्धा" या शब्दात यातली बरीच संकटं एकत्र आहेत: सुरुवातीला जोडाक्षर, मग रफार, आणि त्याखाली घ सारखा दिसणारा ध. असा शब्द टाळून त्याच ओळीतला साधा शब्द घ्या. जोडाक्षर, रफार, अनुस्वार नसलेला शब्द सापडला तर तोच टाका.

आकड्यांचं वेगळंच. फलकावर "२०१३" असेल आणि तुम्ही `2013` टाइप केलंत तर संगणकाच्या दृष्टीने ही दोन वेगळी चिन्हं आहेत. दोन्ही प्रकारे टाइप करून पाहा. मराठी १ आणि ९ यांतही वाचताना घोळ होतो. रोमन अक्षरांत शून्य आणि `O`, एक आणि `l`, पाच आणि `S` या जोड्या तशाच. एखाद्या पावतीचा किंवा यंत्राचा लांब क्रमांक शोधायचा असेल तर त्याऐवजी त्याच कागदावरचा छापील शब्द शोधा.

हाताने लिहिलेल्या मजकुराबद्दल माझा अनुभव निराशेचा आहे. सुवाच्य, सुटी अक्षरं कधी कधी मिळतात. डॉक्टरी अक्षराचं नाव काढू नका.

## ८. फोटोची तारीख खरी मानू नका

काकांच्या मुलीला वर्ष माहीत होतं, २०१३. मी पहिल्या दिवशी त्या वर्षाचे फोटोच चाळले होते, म्हणून पाऊण तास वाया गेला. सापडलेल्या फोटोचा तपशील उघडला तर फाइलचं नाव होतं `IMG-20180916-WA0012.jpg`. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचं नाव असंच असतं, आणि त्यातली तारीख फोटो काढल्याची नसते, तुमच्या फोनवर पोचल्याची असते. कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली मूळ तारीख पाठवताना गळून पडते. म्हणून २०१३ मधला प्रसंग माझ्या गॅलरीत २०१८ च्या सप्टेंबरात जाऊन बसला होता. कागदावरचा "पाठवलेला" हा शब्द आधी नीट वाचला असता तर तिकडे फिरकलोच नसतो.

स्कॅन केलेल्या किंवा जुन्या छापील फोटोवरून मोबाइलने काढलेल्या फोटोचंही तेच: त्यावर स्कॅन केल्याचा दिवस असतो.

मात्र ही पोचल्याची तारीख उपयोगीही पडते. एखाद्या प्रसंगातला एक फोटो सापडला की त्याच दिवशी आलेले शेजारचे फोटो पाहा, बहुधा पूर्ण गठ्ठा एकदम आलेला असतो. माझ्या बाबतीत ते साधलं नाही. काकांचा एकट्याचा फोटो जुलैमध्ये कुणीतरी पाठवला होता आणि दोघांचा दोन महिन्यांनी दुसऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता. मजकूर शोधला नसता तर हे दोन फोटो एकमेकांना कधी भेटले नसते.

## ९. सापडल्यावर दोन मिनिटं आणखी द्या

फोटो मिळाला की आपण तो पाठवून मोकळे होतो, आणि दोन वर्षांनी पुन्हा तोच शोध. त्याआधी एवढं करा. फोटो वर सरकवा, `Add a caption` असं लिहिलेलं असतं तिथे चार शब्द लिहा. मी लिहिलं: "बाबा काका बुद्धिबळ स्पर्धा २०१३ 2013 chess". मुद्दाम दोन्ही लिप्यांत आणि दोन्ही आकड्यांत. हा मजकूर शोधात येतो, आणि तो तुम्ही टाइप केलेला असल्यामुळे वाचनाची चूक व्हायचा प्रश्नच नाही. आयफोनवरही तपशिलात अशीच ओळ असते.

मग तारीख दुरुस्त करा. तपशिलातल्या तारखेवर टॅप केलं की ती बदलता येते. आयफोनवर तिच्याशेजारी `Adjust` असतं. नेमका दिवस माहीत नसेल तर वर्ष आणि अंदाजे महिना टाका, फोटो रांगेत योग्य वर्षी जाऊन बसतो.

पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो आणखी दाबला जात नाही. मी तसाच पाठवला. दहा मिनिटांनी काकांच्या मुलीचं उत्तर आलं: "दादा, मागे उभे आहेत ते कोण? बाबा म्हणतात डाव त्यांनीच जिंकला होता." मी फोटो मोठा केला. फलकाच्या कडेला अर्धा चेहरा दिसत होता. बाबांना विचारलं, त्यांनी नाव सांगितलं. तपशिलात त्या अर्ध्या चेहऱ्याचा गोल आला नव्हता, म्हणून ते नाव मी वर्णनाच्या ओळीत वाढवलं.